४०.०५ ग्रॅम: चुकलेल्या उत्तराचे गुण कसे द्यावेत

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरात हमखास येणारं गणित घेऊ. चार गुणांचं. समीकरण प्रश्नातच संतुलित करून दिलं आहे:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃

८.१ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि २८.४ ग्रॅम क्लोरीन घेतले. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर किती ग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड मिळेल? कोणता पदार्थ उरेल आणि किती? (अणुवस्तुमान: Al = २७, Cl = ३५.५)

बरोबर उत्तर असं निघतं. ॲल्युमिनियमचे मोल ८.१ ÷ २७ = ०.३. क्लोरीनचं रेणुवस्तुमान ७१, म्हणून त्याचे मोल २८.४ ÷ ७१ = ०.४. दोन मोल ॲल्युमिनियमला तीन मोल क्लोरीन लागतो, म्हणजे ०.३ मोल ॲल्युमिनियमला ०.४५ मोल क्लोरीन लागला असता. आहे फक्त ०.४. त्यामुळे क्लोरीन आधी संपतो. तो लिमिटिंग रिएजंट. त्याच्यापासून ०.४ × २/३ = ०.२६६७ मोल ॲल्युमिनियम क्लोराइड मिळतं, त्याला १३३.५ ने गुणलं की ३५.६ ग्रॅम. तेवढेच ०.२६६७ मोल ॲल्युमिनियम वापरलं गेलं, उरलं ०.०३३३ मोल, म्हणजे ०.९ ग्रॅम. पडताळा सोपा आहे: घेतलं ८.१ + २८.४ = ३६.५ ग्रॅम, मिळालं ३५.६ + ०.९ = ३६.५ ग्रॅम.

आता समजा तुमच्यासमोर तपासायला चार उत्तरपत्रिका आहेत आणि चारही मुलांनी ॲल्युमिनियम क्लोराइडचं उत्तर ४०.०५ ग्रॅम काढलं आहे. चारही उत्तरं चुकीची, आणि चुकीचा आकडाही तोच. गठ्ठा मोठा असतो आणि वेळ कमी, तेव्हा हात आपोआप चौघांना सारखेच गुण देऊन मोकळा होतो. पण ही चार उत्तरं चार वेगळ्या वाटांनी आली आहेत, आणि माझ्या मते त्यांना साडेतीन, तीन, अडीच आणि दीड असे गुण मिळायला हवेत. ते कसे, हेच या लेखात सांगायचं आहे.

आधी गुणांची वाटणी ठरवू. गठ्ठा हातात घेण्यापूर्वी ती कागदावर लिहिलेली हवी. दहाव्या उत्तरपत्रिकेनंतर सुचलेली वाटणी पहिल्या दहा मुलांवर अन्याय करते. या गणितासाठी मी अशी वाटणी करेन. ॲल्युमिनियमच्या मोलना अर्धा गुण. क्लोरीनच्या मोलना एक गुण, पण तो दोन तुकड्यांत: क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा आहे हे ओळखून ३५.५ ची दुप्पट घेणं आणि तिने भागणं याला अर्धा, आणि आकडा ०.४ बरोबर येण्याला अर्धा. कोणता पदार्थ आधी संपतो हे समीकरणातल्या प्रमाणाशी तुलना करून ठरवण्याला एक गुण. त्या पदार्थावरून क्लोराइडचे मोल काढायला अर्धा आणि मोलवरून ग्रॅम काढायला अर्धा. उरलेल्या पदार्थाच्या वस्तुमानाला अर्धा. झाले चार.

क्लोरीनचा एक गुण मुद्दाम फोडला आहे. या गणितात मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडखळतात, आणि तिथलं अडखळणं दोन जातींचं असतं. एकात मुलाला करायचं काय हे माहीत असतं, फक्त बेरीज किंवा भागाकार चुकतो. दुसऱ्यात काय करायचं हेच माहीत नसतं. केंब्रिजच्या परीक्षांमध्ये, विशेषतः गणिताच्या उत्तरसूचीत, पद्धतीचा गुण आणि अचूकतेचा गुण असे दोन वेगळे गुण छापलेलेच असतात. आपल्याकडे 'स्टेपवाइज मार्किंग' म्हणतात त्यात पायऱ्या वेगळ्या होतात, पण एकाच पायरीतली पद्धत आणि अचूकता बहुतेक वेळा एकत्रच राहते. मग तपासणारा आकडा बघतो, तो चुकलेला दिसला की पूर्ण पायरीवर काट मारतो.

आता पहिली उत्तरपत्रिका. तिच्यात मुलीने लिहिलं आहे: "Cl₂ = ३५.५ + ३५.५ = ६१". एककाच्या घरात पाच, पाच आणि हातचा एक मिळून अकरा झाले, पुढचा हातचा एक घ्यायचा राहिला. पुढे २८.४ ÷ ६१ = ०.४६५६ मोल. तिने ॲल्युमिनियमला लागणारा क्लोरीन बरोबर काढला, ०.४५. तिच्या हिशेबाने क्लोरीन ०.४६५६ म्हणजे गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणून तिने ॲल्युमिनियम आधी संपेल असं लिहिलं. ०.३ मोल ॲल्युमिनियमपासून ०.३ मोल क्लोराइड, गुणिले १३३.५, उत्तर ४०.०५ ग्रॅम. उरलेला क्लोरीन ०.४६५६ − ०.४५ = ०.०१५६ मोल, गुणिले ६१, म्हणजे ०.९५ ग्रॅम.

हातच्याची एक चूक, आणि तिने गणिताचा निष्कर्षच उलटा केला. आधी संपणारा पदार्थ बदलला, उत्तर बदललं, उरणारा पदार्थही बदलला. बरोबर उत्तर शेजारी ठेवून बघणाऱ्याला यात ॲल्युमिनियमच्या मोलखेरीज फारसं काही जुळत नाही. नेमक्या अशा ठिकाणी मुलांचे सर्वाधिक गुण विनाकारण जातात.

तिची चूक हिशेबाची आहे की समजुतीची, हे तिच्याच कागदावर दोनदा सिद्ध झालेलं आहे. एक तर तिने ३५.५ दोनदा लिहून त्यांची बेरीज मांडली आहे. दुसरं म्हणजे, ॲल्युमिनियम क्लोराइडचं वस्तुमान काढताना तिने २७ + ३ × ३५.५ = १३३.५ असं बिनचूक लिहिलं आहे. म्हणजे क्लोरीनचं अणुवस्तुमान तिला ठाऊक आहे, रेणू दोन अणूंचा आहे हे ठाऊक आहे, बेरजेत फक्त हातचा सुटला. अशा वेळी नियम एकच: चुकीची शिक्षा जिथे चूक झाली तिथेच, एकदाच. तिथून पुढे तिचाच ०.४६५६ हा आकडा खरा धरायचा आणि त्यावर पुढचं सगळं बरोबर केलं आहे का, एवढंच बघायचं. आयबीच्या आणि केंब्रिजच्या उत्तरसूचीत याला 'एरर कॅरिड फॉरवर्ड' म्हणतात आणि तो गुण देताना परीक्षक समासात ईसीएफ अशी खूण करतात.

म्हणून तिला ॲल्युमिनियमचा अर्धा, क्लोरीनच्या पद्धतीचा अर्धा, आकड्याचा शून्य, तुलनेचा पूर्ण एक, क्लोराइडचा पूर्ण एक, उरलेल्या पदार्थाचा अर्धा. एकूण साडेतीन.

तुलनेच्या त्या पूर्ण एका गुणावर वाद होतोच. मॉडरेटरांच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच की अहो, निष्कर्षच चुकला, क्लोरीन आधी संपतो आणि हिने ॲल्युमिनियम लिहिलंय, मग पूर्ण गुण कसा? पण तो गुण "क्लोरीन" या शब्दाला ठेवलेला नव्हता. तो समीकरणातल्या दोनास तीन या प्रमाणातून ०.४५ ही गरज काढायला आणि ती हातातल्या आकड्याशी ताडायला ठेवला होता. ते तिने केलं. ०.४६५६ हा आकडा हातात असताना "क्लोरीन आधी संपतो" असं तिने लिहिलं असतं, तर उत्तरसूचीशी जुळलं असतं, पण ती चूक ठरली असती आणि मी तो गुण दिला नसता.

दुसऱ्या उत्तरपत्रिकेत मुलाने लिहिलं आहे: "क्लोरीनचे मोल = २८.४ ÷ ३५.५ = ०.८". भागाकार अचूक आहे. पुढे तोही ०.४५ ची गरज काढतो, ०.८ जास्त आहे म्हणून ॲल्युमिनियम आधी संपेल म्हणतो आणि ४०.०५ ग्रॅमवर पोहोचतो. उरलेला क्लोरीन ०.३५ × ३५.५ = १२.४३ ग्रॅम.

हा हिशेब कुठेच चुकलेला नाही, पण ही चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. समीकरणातला तीन हा आकडा Cl₂ च्या रेणूंचा आहे. त्याने मोजले ते क्लोरीनच्या अणूंचे मोल, आणि ते रेणूंच्या गरजेशी ताडले. मोल म्हणजे नक्की कशाचे मोल, हा प्रश्न त्याच्या मनात आलेला नाही. क्लोरीनच्या पायरीतले दोन्ही अर्धे त्याला मिळू नयेत. पण त्यानंतरची तुलना, क्लोराइड आणि उरलेला पदार्थ हे सगळं त्याने स्वतःच्या आकड्यांनुसार बरोबर केलं आहे, त्याचे गुण द्यायचे. ०.५ + ० + १ + १ + ०.५ = तीन.

काही शिक्षक इथे जास्त कडक असतात. त्यांचं म्हणणं, समजुतीची चूक पुढे वाहून नेऊ द्यायची नाही, सवलत फक्त हिशेबाच्या चुकीला. मला ते पटत नाही. समजुतीच्या चुकीची किंमत त्या पायरीवर वसूल झाली. पुढच्या पायऱ्यांत त्याने दाखवलेलं ज्ञान खरं आहे, त्याला दुसऱ्यांदा दंड का? मात्र तुमच्या कॉलेजात असा कडक नियम असेल तर तो आधी सर्वांना कळलेला असावा आणि सर्व तुकड्यांना सारखा लागू व्हावा. गुण कमी होणं मुलाला समजू शकतं. शेजारच्या तुकडीत त्याच चुकीला तीन मिळालेले दिसले की ते समजत नाही.

तिसरी उत्तरपत्रिका तपासायला सर्वांत फसवी. तिच्यात हिशेबाची एकही चूक नाही. ॲल्युमिनियम ०.३ मोल, बरोबर. क्लोरीन ०.४ मोल, बरोबर. मग लिहिलं आहे: "०.३ < ०.४, म्हणून Al लिमिटिंग रिएजंट". तिथून ४०.०५ ग्रॅम, आणि उरलेला क्लोरीन ०.४ − ०.३ = ०.१ मोल, म्हणजे ७.१ ग्रॅम.

ज्याचे मोल कमी तो आधी संपतो, असं या मुलीने मनात धरलं आहे. हा समज फार पसरलेला आहे, आणि त्याला आपली गणितंही जबाबदार आहेत. ज्या अभिक्रियेत दोन पदार्थ एकास एक लागतात तिथे हा समज बरोबर उत्तर देतो. पुस्तकातली सोडवून दाखवलेली सोपी उदाहरणं तशीच असली की तो पक्का होतो. इथे दोनास तीन असं प्रमाण आहे आणि तिने ते पाहिलंच नाही. तुलनेचा एक गुण शून्य. उरलेल्या पदार्थाचाही शून्य, कारण ०.४ मधून ०.३ वजा करणं ही तीच चूक नव्याने, वेगळ्या पायरीवर केलेली आहे: तिच्याच हिशेबाने ॲल्युमिनियम पूर्ण संपलं असेल तर त्याला लागणारा क्लोरीन ०.४५ मोल होता आणि तेवढा तिच्याकडे नव्हताच. ही वजाबाकी करताना तिने समीकरणाकडे एकदा जरी पाहिलं असतं तर मागची चूकही सापडली असती. क्लोराइडचे दोन्ही अर्धे मात्र द्यायचे. ॲल्युमिनियमवरून क्लोराइड काढताना दोनास दोन हे प्रमाण आणि १३३.५ दोन्ही बरोबर वापरले आहेत. अर्धा, एक, शून्य, एक, शून्य: अडीच.

पहिलीला साडेतीन आणि हिला अडीच, हे अनेकांना उलटं वाटतं. हिचा प्रत्येक भागाकार बरोबर आहे, पहिलीला साडेपस्तीस आणि साडेपस्तीसची बेरीज जमली नाही. पण हा रसायनशास्त्राचा पेपर आहे आणि या प्रश्नाचा गाभा आधी संपणारा पदार्थ ओळखणं हा आहे. तो पहिलीला येतो, तिसरीला येत नाही.

चौथीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलाने क्लोरीनकडे पाहिलंच नाही. ८.१ ÷ २७ = ०.३, गुणिले १३३.५, ४०.०५ ग्रॅम, खाली दोन रेघा. ॲल्युमिनियमचा अर्धा आणि क्लोराइडचा एक, असे दीड. गाळलेल्या पायरीला पुढे चालवायची सवलत नसते, कारण चालवायला तिथे काही लिहिलेलंच नाही.

याच्या शेजारी एक पाचवी उत्तरपत्रिका ठेवून बघा. तिच्यात फक्त क्लोरीनवरून गणित केलं आहे: ०.४ × २/३ × १३३.५ = ३५.६ ग्रॅम. का क्लोरीनच घेतला, याचं कारण नाही. ॲल्युमिनियमचे मोल नाहीत, उरलेला पदार्थ नाही. अंतिम उत्तर बरोबर आहे आणि गुण दोनच, क्लोरीनचा एक आणि क्लोराइडचा एक. बरोबर उत्तराला दोन आणि चुकीच्या उत्तराला साडेतीन, हे पालकांना समजावून सांगावं लागतं. वाटणी लिहिलेली असली तर ती दाखवून सांगता येतं.

आता लॉग टेबलबद्दल. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे अकरावीलाही बहुतेक ठिकाणी तोच सराव असतो. हिशेबाच्या निसटत्या चुका इथे एका खास जातीच्या होतात. २८.४ ÷ ७१ साठी मुलं लॉग काढतात: १.४५३३ आणि १.८५१३. या भागाकारात लहानातून मोठा वजा करायचा असतो. इथे काही मुलं सवयीने मोठ्यातून लहान वजा करतात, ०.३९८० आणतात आणि अँटिलॉग २.५ घेतात. करायला हवं होतं ते असं: वजाबाकी −०.३९८०, ती बारच्या रूपात १̄.६०२०, आणि अँटिलॉग ०.३९९९. शेवटी ३५.६ ऐवजी ३५.५९ ग्रॅम आलं तर त्यात चूक काहीच नाही. टेबलाच्या चार आकड्यांमुळे तेवढा फरक पडतोच. वाटणीच्या कागदावर मी अंतिम उत्तराशेजारी "३५.५ ते ३५.७ चालेल" असं लिहून ठेवेन. मधेच ०.२६६७ चे ०.२७ केले तर उत्तर ३६.०५ येतं. ती घाईने केलेली गोळाबेरीज आहे, तिचा अर्धा गुण ग्रॅमच्या पायरीत कापावा, अन्यत्र नाही.

२.५ मोल आलेल्या मुलाचं काय? पद्धतीचा अर्धा द्यायचा, आकड्याचा नाही, तुलनेचा आणि क्लोराइडचा द्यायचा. त्याचंही उत्तर ४०.०५ च येईल. पण उरलेला क्लोरीन तो २.५ − ०.४५ = २.०५ मोल, गुणिले ७१, म्हणजे १४५.५५ ग्रॅम लिहितो. घेतला होता २८.४ ग्रॅम. पुढे चालवण्याच्या नियमाने हा अर्धा गुणही द्यावा लागेल, पण मी तो देत नाही. घेतल्यापेक्षा पाचपट जास्त उरलं असं लिहिताना मुलाने स्वतःचं उत्तर वाचलेलंच नाही, आणि २८.४ हा आकडा त्याच पानावर आहे. म्हणून याला तीन. पहिल्या मुलीच्या ४०.०५ + ०.९५ = ४१ ग्रॅममध्येही वस्तुमान वाढलेलं आहेच, कारण घेतलं ३६.५ होतं. पण तिथे विसंगती सापडायला दोन बेरजा करून बघाव्या लागतात, आणि प्रश्नाने पडताळा मागितलेला नाही. न मागितलेल्या पडताळ्याचे गुण कापू नयेत. मी त्या ठिकाणी समासात लाल पेनाने फक्त "८.१ + २८.४ = ?" एवढं लिहितो.

सवलत आणखी एका ठिकाणी थांबते. हिशेबाची चूक अशी झाली की पुढचं काम नाहीसंच झालं, तर न केलेल्या कामाचे गुण देता येत नाहीत. समजा भागाकार चुकून क्लोरीन नेमका ०.४५ मोल आला. मग दोन्ही पदार्थ पूर्ण संपतात, काहीच उरत नाही. मुलाने ०.४५ ची गरज काढून "दोन्ही एकदम संपतील" असं लिहिलं असेल तर तुलनेचा गुण त्याचा आहे. उरलेल्या पदार्थाचा अर्धा मात्र नाही. त्याला तो हिशेब करावाच लागला नाही. हीच कसोटी प्रश्न चुकीचा उतरवून घेण्यालाही लावता येते. २८.४ चे २४.८ झाले तर गणित तितकंच अवघड राहतं, अर्धा गुण कापून पुढचं त्याच्या आकड्यांवर तपासायचं. पण उतरवताना समीकरणातले दोन आणि तीन गाळून एकास एक केलं, तर गणिताची धारच गेली. अशा वेळी तुलनेचा आणि उरलेल्या पदार्थाचा असे दोन्ही गुण जातात.

एकच चूक दोनदा दिसली तर दोनदा कापायची नाही. पहिल्या मुलीने शेवटी उरलेल्या क्लोरीनसाठी पुन्हा ६१ घेतले, ती जुनीच चूक आहे. तिने तिथे ७१ घेऊन १.११ ग्रॅम लिहिलं असतं तरीही मी अर्धा गुण दिला असता. पण तिने १३३.५ ऐवजी १२३.५ असं काही लिहिलं असतं, तर ती नवी, स्वतंत्र चूक. तिचा वेगळा अर्धा गुण ग्रॅमच्या पायरीत गेला असता. एककं विसरण्याचं धोरणही ठरवून ठेवा: पूर्ण प्रश्नात एकदाच अर्धा, आणि तोही अंतिम उत्तराला एकक नसेल तरच.

हे सगळं मुलाच्या आकड्यावर पुन्हा करून बघायला वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर माझा उपाय असा. पहिला चुकीचा आकडा दिसला की त्याला गोल करायचा, शेजारी खाली जाणारा बाण काढायचा, आणि तिथून पुढे उत्तरसूची बाजूला ठेवायची. मग बघायच्या फक्त तीन गोष्टी: गरज काढताना ३/२ ने गुणलं का, क्लोराइडसाठी योग्य प्रमाण घेतलं का, वजाबाकी योग्य दोन आकड्यांची आहे का. टेबलावर कॅल्क्युलेटर ठेवा. मुलांना तो नाही म्हणून आपल्यालाही नको असं काही नाही. प्रत्येक पायरीचा गुण त्या पायरीसमोरच समासात लिहावा. शेवटी नुसतं वर्तुळात साडेतीन लिहिलं, तर छायाप्रत घेणाऱ्या मुलाला आणि पुनर्मूल्यांकन करणाऱ्या शिक्षकाला तो अर्धा कुठे गेला हे कधीच कळत नाही.

"नीटमध्ये चुकीच्या पर्यायाला चारही जातात आणि वर एक वजा होतो, मग आपणच का लाड करायचे?" असंही स्टाफरूममध्ये ऐकू येतं. नीटच्या उत्तरपत्रिकेवर काळ्या गोळ्याखेरीज काही नसतं. हातचा विसरलेली आणि प्रमाण न समजलेली, या दोघींत फरक करायला तिथे साधनच नाही. आपल्या पेपरात पानभर पुरावा समोर असतो. तो वाचायचा नसेल तर पायऱ्या लिहायला तरी का सांगतो?

हा पुरावा मिळवण्यात प्रश्नाच्या मांडणीचा मोठा वाटा असतो. या गणितात फक्त "किती ग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड मिळेल" एवढंच विचारलं, तर ॲल्युमिनियम आधी संपतं असं कोणत्याही कारणाने ठरवलेल्या प्रत्येकाचं उत्तर ४०.०५ च येणार. आकडे बदलूनही यातून सुटका नाही, कारण चुकीच्या वाटा शेवटी त्याच एका चौकात येतात. "उरेल किती" हा दुसरा प्रश्न जोडला की त्या वेगळ्या होतात: ०.९५, १२.४३, ७.१, १४५.५५ आणि चौथ्याची कोरी जागा. शेवटच्या ओळीतला आकडा पाहूनच चूक कुठली असेल याचा अंदाज बांधता येतो आणि मग वर जाऊन ती नेमकी जागा शोधायला फार वेळ लागत नाही. तपासणीचा वेळ वाचवायचा तर तो पेपर काढतानाच वाचवावा.

पुढच्या वेळी याच गणितात मी आणखी एक अर्ध्या गुणाचा उपप्रश्न घालायचं सुचवेन: "वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाने उत्तराचा पडताळा करा." त्यासाठी क्लोराइडचा एक गुण कापून अर्ध्यावर आणावा लागेल, ते चालेल. ज्याचं ३५.६ आणि ०.९ बरोबर आलं त्याला तो अर्धा सहज मिळतो. ज्याचं चुकलं त्याने ४०.०५ + ०.९५ = ४१ ग्रॅम अशी बेरीज मांडून, "हे ३६.५ शी जुळत नाही, माझ्या हिशेबात कुठेतरी चूक आहे" असं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी त्याला तो अर्धा पूर्ण द्यावा, वेळेअभावी चूक शोधता आली नसली तरीही. आकडे ओढूनताणून जुळवून ३६.५ लिहिणाऱ्याला मात्र तो देऊ नये. हे दोन्ही, वाटणीच्या त्याच कागदावर, परीक्षेआधी लिहून ठेवा.